मदत हवी आहे: तोटा सिक्युरिटीज प्रीमियममधून वजा करता येतो का?

नमस्कार मंडळी, आमच्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या ताळेबंदाबद्दल विचारायचं आहे.

सुरुवातीला १० रुपये दर्शनी किमतीचे २०,००० शेअर त्याच भावाने दिले होते. यंदा आणखी ५,००० शेअर ५० रुपयांना दिले. म्हणजे शेअर भांडवल २,५०,००० झालं आणि वरचे ४० रुपये धरून सिक्युरिटीज प्रीमियम २,००,०००. एवढं मला पटतं.

पण आतापर्यंतचा साठलेला तोटा ६०,००० आहे. अकाउंटंटने तो थेट प्रीमियममधून वजा केला. ताळेबंदात आता प्रीमियम १,४०,००० दिसतो आणि तोटा दिसतच नाही. ते म्हणतात, "एकूण इक्विटी ३,९०,०००च राहते, मग काय बिघडलं?"

कंपनी कायदा २०१३चं कलम ५२ मी वाचलं. प्रीमियम बोनस शेअर, शेअर विक्रीचा खर्च अशा ठरावीक कामांनाच वापरता येतो. तोटा त्यात नाही. माझ्या मते प्रीमियम २,००,००० तसाच ठेवून, 'रिझर्व्हज अँड सरप्लस'मध्येच सरप्लस उणे ६०,००० दाखवायला हवा.

माझं बरोबर आहे ना? ऑडिटरची सही अजून व्हायची आहे. नोंद उलटवली की पुरे, की आणखी काही करावं लागेल?