एकांतर श्रेढी: आधी निरपेक्ष मूल्य घ्यावे की आधी लायब्निट्झची कसोटी लावावी?

विद्यार्थी, रत्नागिरी

n = 2 पासून सुरू होणारी Σ (-1)^n/(√n + (-1)^n) ही श्रेढी आम्हांला चाचणीत आली होती. छेदातील (-1)^n मोठ्या n साठी नगण्य ठरतो, म्हणून मी Σ (-1)^n/√n हिच्याशी तुलना करून ‘सशर्त अभिसारी’ असे उत्तर लिहिले. तपासणाऱ्यांनी ‘अपसारी’ असे लिहून सर्व गुण कापले. माझे कुठे चुकले? आणि अशा श्रेढीत आधी कोणती कसोटी लावावी?

शिकवणी घेणारा, वेंगुर्ले

माझ्या मते तुझे उत्तर बरोबर आहे. मी मुलांना नेहमी एकच क्रम सांगतो: आधी निरपेक्ष मूल्य घ्यावे. येथे ते घेतले की पदे 1/√n सारखी वागतात आणि p = 1/2 असल्यामुळे निरपेक्ष अभिसरण नाही, हे लगेच ठरते. त्यानंतर पद शून्याकडे जाते आणि चिन्ह आळीपाळीने बदलते, म्हणजे लायब्निट्झच्या कसोटीने श्रेढी अभिसारी ठरते. हा क्रम पाळणाऱ्याचे उत्तर सहसा चुकत नाही.

निवृत्त प्राध्यापिका, दापोली

सर, आपला पहिला अर्धा भाग निर्दोष आहे, पण दुसऱ्यात एक अट सुटली आहे. लायब्निट्झच्या कसोटीला पदांची निरपेक्ष मूल्ये एका ठिकाणापासून पुढे सतत घटत गेलेली लागतात. ती नुसती शून्याकडे जाणे पुरत नाही. या श्रेढीची मूल्ये प्रत्यक्ष काढून पाहावीत. n = 2 ला ०.४१४, n = 3 ला १.३६६, n = 4 ला ०.३३३, n = 5 ला ०.८०९, n = 6 ला ०.२९० आणि n = 7 ला ०.६०८. विषम n ला छेद एकाने लहान होतो आणि सम n ला एकाने मोठा, त्यामुळे ऋण पद दर वेळी शेजारच्या धन पदावर मात करते. हा असमतोल कितीही पुढे गेले तरी राहतो.

आता तो असमतोल एकूण किती साचतो, एवढाच प्रश्न उरतो. अंश आणि छेद यांना √n - (-1)^n ने गुणले की पद असे फुटते:

```
(-1)^n/(√n + (-1)^n) = (-1)^n·√n/(n-1) - 1/(n-1)
```

पहिला तुकडा खरोखरच घटत जातो, म्हणून त्याची बेरीज लायब्निट्झच्या कसोटीने अभिसारी आहे. दुसरा तुकडा मात्र 1 + 1/2 + 1/3 + … ही हरात्मक श्रेढीच असून तिच्यापुढे ऋण चिन्ह आहे. अभिसारी श्रेढीत अपसारी श्रेढी मिळवली की बेरीज अपसारीच होते. तपासणाऱ्यांचा निर्णय योग्य आहे.

विद्यार्थ्याची खरी चूक तुलनेत झाली. दोन पदांच्या भागाकाराची सीमा १ आली म्हणून दोन्ही श्रेढींचे भवितव्य एकच, हा नियम सर्व पदे एकाच चिन्हाची असतात तेव्हाच चालतो. चिन्हे बदलत असतील तर येथे ज्याला ‘नगण्य’ म्हटले, त्याच भागात अख्खी हरात्मक श्रेढी लपलेली असू शकते.

एक वाचक, मालवण

मला वाटते की मूळची Σ (-1)^n/√n हीसुद्धा अपसारीच असावी. मी 1 - 1/√2 + 1/√3 - … ही बेरीज संगणकावर करून पाहिली. १०० पदांना ०.५५५० आले आणि १०१ पदांना ०.६५४५. इतक्या पुढे जाऊनही बेरीज एका पावलात दहाव्या हिश्श्याने उडी मारत असेल, तर ती कुठे स्थिरावते असे कसे म्हणायचे?

निवृत्त प्राध्यापिका, दापोली

आपले आकडे बरोबर आहेत, त्यांचा अर्थ मात्र वेगळा आहे. उडीची लांबी म्हणजे पुढच्या पदाचे मूल्य. p = 1/2 असताना ते फार सावकाश घटते, आणि लायब्निट्झची हमी वापरून चूक ०.००५ च्या आत आणायची तर सुमारे ४०,००० पदे घ्यावी लागतील. परंतु बेरीज खऱ्या उत्तराच्या एकदा खाली आणि एकदा वर जाते, म्हणून आपल्याच दोन आकड्यांची सरासरी काढा. ती सुमारे ०.६०४८ येते, आणि खरे उत्तर ०.६०४९ च्या जवळ आहे.

हीच युक्ती वरच्या प्रश्नातील श्रेढीवर करून पाहण्यासारखी आहे. तिथे लागोपाठच्या दोन बेरजांची सरासरी एका जागी थांबत नाही. पदांची संख्या दुप्पट केली की ती दर वेळी सुमारे ०.६९ ने खाली सरकते. एक श्रेढी डोलते पण जागा सोडत नाही, दुसरी डोलता डोलता खाली जाते. केवळ उड्या पाहून हा फरक कळत नाही. आणि सरासरीवरून अंदाज येतो एवढेच, सिद्धता वरच्या विभाजनानेच होते.

शिकवणी घेणारा, वेंगुर्ले

मॅडम, घटत जाण्याची अट मी गाळली, हे मान्य करतो. तरीही क्रमाबद्दलचे माझे मत मी सोडत नाही. समजा विषम n ला पद -1/n² आणि सम n ला 1/n³ आहे. येथेही मूल्ये सतत घटत नाहीत आणि लायब्निट्झची कसोटी लागू होत नाही. आपला विद्यार्थी तेवढ्यावरून ‘अपसारी’ लिहून मोकळा होईल. निरपेक्ष मूल्य आधी घेतले तर सर्व पदे 1/n² च्या आत बसतात आणि प्रश्न एका ओळीत संपतो.

निवृत्त प्राध्यापिका, दापोली

उदाहरण चांगले आहे. अट मोडली म्हणजे कसोटी गप्प राहते, श्रेढी अपसारी ठरत नाही, हे मुलांना सांगायलाच हवे. मात्र मी सर्वांत आधी पद शून्याकडे जाते का, हेच पाहायला लावते. Σ (-1)^n/n^p मध्ये p = 0 असेल तर पदे 1 आणि -1 यांतच फिरतात, p ऋण असेल तर ती वाढतच जातात, आणि तरीही चिन्हे आलटून पालटून दिसली म्हणून ‘सशर्त’ लिहिलेल्या उत्तरपत्रिका मी वर्षानुवर्षे तपासल्या आहेत. p शून्याहून मोठा असेल तरच पुढचा प्रश्न विचारावा: p एकापेक्षा मोठा असल्यास निरपेक्ष अभिसारी, आणि शून्याच्या पुढे एकपर्यंत, एक धरून, सशर्त.

शिकवणी घेणारा, वेंगुर्ले

p स्पष्ट दिसत असेल तेव्हा ते ठीक आहे. पद गुंतागुंतीचे असेल तर त्याची सीमा काढण्यातच वेळ जातो, म्हणून परीक्षेपुरता मी माझ्याच क्रमाने शिकवीन.

विद्यार्थी, रत्नागिरी

मॅडमनी केलेले विभाजन मी √n ऐवजी n^p घेऊन, p शून्याहून मोठा धरून, करून पाहिले. पहिला तुकडा (-1)^n·n^p/(n^(2p) - 1) प्रत्येक p साठी लायब्निट्झच्या कसोटीने अभिसारी होतो, आणि दुसरा -1/(n^(2p) - 1) हा 2p एकापेक्षा मोठा असेल तेव्हाच अभिसारी होतो. म्हणजे Σ (-1)^n/(n^p + (-1)^n) ही श्रेढी p > 1 ला निरपेक्ष अभिसारी, 1/2 < p ≤ 1 ला सशर्त अभिसारी आणि 0 < p ≤ 1/2 ला अपसारी आहे. चाचणीतील p नेमका सीमेवरचा होता. p = 3/4 दिला असता तर माझे उत्तर बरोबर ठरले असते, पण कारण तेव्हाही चुकीचेच असते.

निवृत्त प्राध्यापिका, दापोली

तिन्ही निष्कर्ष बरोबर आहेत. पहिला तुकडा घटतो हे लिहिताना x/(x² - 1) हे फल x > 1 साठी घटते आहे, ही ओळ गाळू नकोस. गुण तिथेच जातात.