शब्दचर्चा: पाठीला टेकू दिसले की धरण टेकूचं होतं का?

मृण्मयी, कळवा: मुलीला शाळेच्या प्रकल्पात धरणांच्या फोटोंखाली प्रकार लिहायचाय: गुरुत्व, कमानी, टेकूचं की मातीचं. कोयनेच्या एका फोटोत भिंतीच्या पाठीवर जाडजूड उभे टेकू दिसतात. मग ते टेकूचं धरण ना?

घणसोलीकर: अर्थात. टेकू दिसले की टेकूचं, भिंत वाकलेली दिसली की कमानी, गवत दिसलं की मातीचं.

संगीता, ऐरोली: आमच्याकडे पाणी मोरब्याचं येतं, कोयनेचं नाही.

निवृत्त उपअभियंता, कोपरी: संगीताताई, प्रश्न फोटो ओळखण्याचा आहे. मृण्मयी, टेकूंकडे नको, दोन टेकूंच्या मधे बघ. खऱ्या टेकूच्या धरणात पाणी अडवणारी भिंत पातळ आणि तिरकी असते, तिच्यामागे मोकळे गाळे असतात. कोयनेत तसं काही नाही. टेकूंच्या मधेही भरीव भिंतीचाच उतार दिसतो. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात, पाठीचा वरचा उभा भाग संपून खालचा तिरका उतार सुरू होतो त्या पातळीला तडे गेले. म्हणून सांडव्याच्या बाजूच्या उंच मोनोलिथना, म्हणजे भिंतीच्या सलग उभ्या खंडांना, मागून टेकू दिले. मूळ धरण स्वतःच्या वजनावर उभं आहे. खाली ‘गुरुत्व’च लिही.

मृण्मयी: आणि वाकलेली भिंत?

उपअभियंता: नुसता वाक पुरत नाही, जाडी बघावी लागते. कोयना 103 मीटर उंच, तळाशी रुंदी साधारण 70. केरळातलं इडुक्की सुमारे 169 मीटर उंच, पण तळाशी जाडी जेमतेम 20. पाण्याचा रेटा ते कमानीतून दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर टाकतं, म्हणून इतकं बारीक चालतं. जाड आणि वाकलेली धरणंही असतात, ती वजन आणि कमान दोन्हींवर तोलतात. समोरून काढलेल्या फोटोत जाडी कळतच नाही. काठावरून, भिंतीच्या टोकाकडून काढलेला फोटो शोध.

घणसोलीकर: गवताचं तरी बरोबर ना?

उपअभियंता: अर्धं. गवत पाठीकडच्या उतारावर असतं. पाण्याकडे लाटांनी माती धुऊन जाऊ नये म्हणून दगडी पिचिंग करतात. त्या बाजूचा फोटो पाहून लोक बिनदिक्कत ‘दगडी धरण’ लिहितात. उतार बघायचा. मातीचा भराव एक मीटर चढायला दोन-तीन मीटर आडवा पसरतो, दगडी भिंतीची पाठ एका मीटरला पाऊण मीटरच्या आसपास.

किरण, बदलापूर: आमच्या बारवीला मातीचा भराव आहे आणि दगडी भिंतही. फोटोत दोन्ही आले तर काय लिहायचं?

उपअभियंता: मी ‘संयुक्त’ लिहीन.

मृण्मयी: तक्त्यात चारच रकाने आहेत, काका.

किरण: मग सांडवा ज्या भागात तो प्रकार धरा.

उपअभियंता: ते मला पटत नाही. लांबी भरावाची जास्त असेल तर? बाईंनाच विचार, आणि तोवर दोन्ही रकान्यांत खूण कर.