मदत हवी आहे: फ्रेंच करारातलं ‘फोर्स माझ्यर’ कलम इंग्रजीत कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. काचेच्या बाटल्यांच्या पुरवठ्याचा फ्रेंच करार इंग्रजीत करतेय. करार फ्रेंच कायद्याखालीच राहणार आहे, पण वाचणारे खरेदीदाराचे वकील लंडनचे आहेत.

कलमात ‘फोर्स माझ्यर’ची व्याख्याच नाही, फक्त सिव्हिल कोडच्या कलम १२१८ चा हवाला आहे. फ्रान्समध्ये तेवढं पुरतं. घटना नियंत्रणाबाहेरची, करार करताना वाजवीपणे न दिसणारी आणि योग्य उपायांनीही परिणाम न टळणारी हवी, हे २०१६ च्या सुधारणेपासून कोडमध्येच लिहिलेलं आहे. इंग्लिश कायद्यात मात्र अशी सर्वसाधारण व्याख्या नाही, कलमात लिहिलं असेल तेवढंच. म्हणून मी मूळ शब्द तिरप्या अक्षरांत ठेवून ‘कलम १२१८ च्या अर्थाने’ असं जोडलंय. ‘फ्रस्ट्रेशन’ मुद्दाम टाळलं, तो वेगळा सिद्धांत आहे.

अडलंय पुढे. अडथळा ९० दिवसांपेक्षा जास्त टिकला तर करार ‘रेझोल्यू द प्लँ द्र्वा’. ‘रिसिंडेड’ लिहिलं तर इंग्लिश वकील करार मुळापासूनच रद्द समजेल. ‘टर्मिनेटेड ऑटोमॅटिकली’ म्हटलं तर नोटीस लागत नाही हे पोहोचतं, पण फ्रेंच ‘रेझोल्युस्यों’त आधीचा माल-पैसा परत करण्याची वेळ येऊ शकते (कलम १२२९), ते हरवतं. इथे आगाऊ रक्कम दिलेली आहे, म्हणून हा फरक महत्त्वाचा वाटतो.

अशा वेळी तुम्ही ‘टर्मिनेटेड’ लिहून अनुवादकाची टीप देता, की फ्रेंच शब्द कंसात ठेवता? न्यायालयात किंवा लवादापुढे गेलेला अनुवाद कुणी केला असेल तर कृपया सांगा.