मदत हवी आहे: पुरवठादाराला न दुखावता फोटो, मापं आणि साहित्याचा तपशील कसा मागू?

पानकोरी
छापील कॅटलॉगसाठी एका पुरवठादाराच्या २२ लाकडी वस्तू घ्यायच्या आहेत. त्यांचे फोटो फोनवर छान दिसतात, पानावर लावले की धुरकट. मापं नुसती '४० × ३० × १२'. साहित्याच्या रकान्यात कुठे 'शीशम फिनिश', कुठे काहीच नाही. संबंध जुने आहेत, बिघडवायचे नाहीत. माझा मसुदा असा आहे:

"आपण पाठवलेले फोटो निकृष्ट असून माहिती अपुरी आहे. कृपया सर्व माहिती पुन्हा पाठवावी."

'कृपया' घालूनही खेकसल्यासारखं वाटतंय. काय बदलू?

दोनपैसे
फोटो ३०० डीपीआयचे पाठवा, एवढं एक वाक्य घाला. छपाईला तेच लागतं.

खिळेजुळारी
आकडा बरोबर, पण तसं लिहिलंत तर ते तोच फोटो उघडतील, सेटिंगमध्ये ७२ चे ३०० करतील आणि परत पाठवतील. चित्रातला एक ठिपकासुद्धा वाढणार नाही. पानकोरी, फोटो किती पिक्सेलचे आहेत आणि पानावर किती रुंद छापायचे आहेत?

पानकोरी
६४० × ४८०. पानावर ९ सेंमी रुंद.

खिळेजुळारी
मग ३०० डीपीआय म्हणजे इंचाला ३०० ठिपके, या हिशेबाने ९ सेंमीला सुमारे १०६० पिक्सेल लागतात, आणि तुमचा फोटो साडेपाच सेंमीच्या पुढे ताणला की विरळ होणारच. पत्रात "रुंदी किमान १२०० पिक्सेल" असं लिहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूळ फाइल मागा. बहुतेक वेळा फोटो मुळात चांगलाच असतो, व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवताना तो आक्रसतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवायला सांगा. म्हणजे दोष त्यांच्या फोटोला नाही, वाटेला लागतो. तुमच्या पत्रातला काटा तिथेच निघेल.

उधारखाते
माझा पुरवठादार दोन महिने पत्राला उत्तरच देत नाही. वकिलामार्फतच लिहावं लागतं अशांना. कडक राहा.

खिळेजुळारी
उधारखाते, यांचा माणूस उत्तर देतो, फक्त अर्धवट देतो. ते दुखणं वेगळं.

सुतारपक्षीण
मापांचं मी सांगते, यात माझे हात पोळलेत. 'सविस्तर मापं पाठवा' असं लिहू नका, परत तेच तीन आकडे येतील. प्रत्येक वस्तूला नेमका प्रश्न विचारा. ट्रे असेल तर: ४० ही लांबी कडीसकट की कडीशिवाय? १२ ही उंची बाहेरून की आतली खोली? सेंमी की इंच? आणि हाताने घडवलेली वस्तू असेल तर नगानगात किती फरक पडतो, तेही विचारा. एकदा मी आतलं माप बाहेरचं समजून छापलं होतं. डबा लोकांच्या कप्प्यात जाईना.

साहित्याबद्दल: 'शीशम फिनिश' हे लाकडाचं नाव नाही, रंगाचं आहे. आत कुठलंही लाकूड असू शकतं, किंवा एमडीएफवर पातळ पापुद्राही. पण "हे खरं शीशम आहे का?" असं विचारलंत तर संशय घेतल्यासारखं होईल. "आतलं लाकूड" आणि "वरचा रंग किंवा पॉलिश" असे दोन रकाने करा. दोन रकाने दिसले की माणूस आपोआप दोन उत्तरं देतो.

पानकोरी
सगळ्यांचं ऐकून हे पाठवलं. सोबत २२ ओळींचा तक्ता जोडला. जे माहीत होतं ते मीच भरलं, रिकाम्या जागा पिवळ्या केल्या.

"सप्रेम नमस्कार. आपल्या २२ वस्तू नव्या कॅटलॉगमध्ये घेत आहोत. छपाईसाठी फोटो मोठ्या आकाराचे लागतात आणि फोनवरून येताना ते लहान झाले असावेत. मूळ फाइली (रुंदी किमान १२०० पिक्सेल) ईमेलने पाठवाल का? सोबतच्या तक्त्यात फक्त पिवळ्या जागा भरायच्या आहेत. मापं सेंटिमीटरमध्ये, बाहेरून बाहेर आणि कडीसकट द्यावीत. एखादी गोष्ट लगेच सांगता येत नसेल तर तिथे 'नंतर' लिहिलं तरी चालेल. पानं २० तारखेला छपाईला जातील, म्हणून १२ पर्यंत मिळालं तर एकदा आपल्याला दाखवूनच छापता येईल."

सुतारपक्षीण
'दाखवूनच छापता येईल' हे झकास. तारीख आता धमकी वाटत नाही.

पानकोरी
उत्तर आलं! १९ फोटो मूळ आकारात आले. उरलेले तीन जुन्या फोनमध्येच होते, ते पुन्हा काढणार आहेत. १४ नंबरचा ट्रे कडीसकट ४६ निघाला. 'शीशम फिनिश'च्या नऊ वस्तूंपैकी सहा आंब्याच्या लाकडाच्या आहेत, तीन ठिकाणी 'नंतर'. आता पेच असा: त्या सहांना 'आंब्याचं लाकूड, शीशम रंग' असं छापू की 'शीशम' शब्दच काढून टाकू?

दोनपैसे
ठेवा की, रंग तर तोच आहे.

सुतारपक्षीण
मी काढला असता. घाईत वाचणारा 'शीशम' एवढंच वाचतो. 'गडद तपकिरी' लिहा. पण त्यांना विचारून, माल त्यांचा आहे.