मदत हवी आहे: ३ हासुद्धा अप्पर बाउंड आहे, मग लिमिट २च कशी?

वेंगुर्लेकरीण
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्यात मी बीएस्सीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. पहिल्या वर्षाचं नेहमीचं उदाहरण आहे: x₁ = √2 आणि xₙ₊₁ = √(2 + xₙ). सिक्वेन्स वाढती आहे, २ च्या खाली राहते, म्हणून मोनोटोन कन्व्हर्जन्स थिअरमने तिला लिमिट आहे. शिरोड्याहून येणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळ्या टर्म्स ३ च्याही खाली आहेत. मग लिमिट ३ का नाही? आणि लिमिट आहे हे मुळात कशावरून?" नुसतं थिअरमचं नाव सांगून तिला गप्प करायचं नाहीये. कसं मांडू?

हर्णैकर
कॅल्क्युलेटरवर करून दाखवा. 1.414, 1.848, 1.962, 1.990, 1.998. प्रत्येक वेळी वाढ कमी होत चाललीय, म्हणजे कुठेतरी थांबणारच. एवढं पुरेसं आहे.

अपरांत
हर्णैकर, आकडे बरोबर आहेत, पण कारण अपुरं आहे. 1 + 1/2 + 1/3 + … ह्या बेरजेतही प्रत्येक वेळची वाढ कमी होत जाते. तरी 1/3 + 1/4 हे अर्ध्याहून जास्त, पुढच्या चार पदांची बेरीज अर्ध्याहून जास्त, त्यापुढच्या आठांचीही तसंच. म्हणजे ती कुठलीही मर्यादा ओलांडते. फक्त १० ओलांडायलाच १२,३६७ पदं लागतात, त्यामुळे कॅल्क्युलेटरवर ती थांबल्यासारखीच वाटते.

मॅडम, मुलीला जेटीवर न्या. भरतीचं पाणी सगळ्यात वरच्या पायरीच्या खालीच राहतं, पण म्हणून ते तिथवर पोचतं असं नाही. ३ ही तशी वरची पायरी आहे. थिअरम सांगतो की लिमिट म्हणजे *सगळ्यात लहान* अप्पर बाउंड. त्याला L म्हणू. आता L पेक्षा जराशी लहान संख्या घ्या, L − ε. ती अप्पर बाउंड असूच शकत नाही, म्हणजे कुठली तरी टर्म xₙ तिच्या वर गेलेली आहे. सिक्वेन्स वाढती असल्यामुळे त्यापुढच्या सगळ्या टर्म्स तिच्या वरच राहतात, आणि L च्या वर तर कुणीच जात नाही. झालं, सगळ्या L − ε आणि L ह्यांच्यामध्ये अडकल्या. 'वाढती' हा शब्द नेमका कुठे लागला ते तिच्याकडून काढून घ्या.

देवबागकर
माका एक इचारूचा आसा. आमच्या पेपरात x₁ = 1, xₙ₊₁ = 2xₙ + 1 असं होतं. मी दोन्हीकडे L ठेवला, L = 2L + 1, उत्तर −1. मार्क शून्य. गणित तर बरोबर आहे!

अपरांत
टर्म्स लिहून बघ: 1, 3, 7, 15. त्या −1 कडे जातील का? L ठेवताना 'लिमिट असेल तर' एवढं गृहीत धरलेलं असतं. इथे सिक्वेन्स वाढती आहे पण बाउंडेड नाही, म्हणून ती पायरीच चढता येत नाही. मॅडमच्या उदाहरणात लिमिट आहे हे आधी ठरतं, मग L² = 2 + L, म्हणजे 2 किंवा −1, आणि टर्म्स धन असल्यामुळे 2.

वेंगुर्लेकरीण
जेटीचं तिला लगेच पटेल. पण वाढती आहे हे मी xₙ₊₁² − xₙ² = (2 − xₙ)(1 + xₙ) वरून दाखवते. ३ घेतला तर पहिल्या कंसाचं चिन्ह कळत नाही. मग ३ चालतो कसा?

अपरांत
छान पकडलंत! त्या पद्धतीला २ च लागतो. इंडक्शनने करा: x₂ > x₁ हे दिसतंच, आणि xₙ > xₙ₋₁ असेल तर 2 मिळवून वर्गमूळ काढल्यावरही क्रम तोच राहतो. मग बाउंड म्हणून ३ पुरतो, कारण xₙ < 3 असेल तर xₙ₊₁ < √5 < 3. तरी शेवटी लिमिट २ च येते, ३ चा मागमूस राहत नाही. हे दोन्ही तिला फळ्यावर शेजारी शेजारी करायला लावा. x₁ = 3 घेतलं तर मात्र पुढची टर्म √5, सिक्वेन्स उतरती होते.

हर्णैकर
मान्य. पण तो 'सगळ्यात लहान अप्पर बाउंड' असतोच हे कुणी सांगितलं? तुम्ही प्रश्न एक घर मागे ढकललात.

अपरांत
हो, ढकलला, आणि तोच खरा मुद्दा आहे. फक्त परिमेय संख्या घेतल्या तर 1, 1.4, 1.41, 1.414 … ही वाढती, बाउंडेड सिक्वेन्स आहे, पण तिला परिमेय लिमिट नाही, कारण √2 तिथे नाहीच. म्हणजे थिअरम वास्तव संख्यांच्या पूर्णतेवर उभा आहे. १८५८ मध्ये झुरिकला शिकवताना डेडेकिंडला हेच विधान आकृतीचा आधार न घेता सिद्ध करता येईना, त्यातूनच त्याने कट्स काढले आणि १८७२ मध्ये छापले.

हर्णैकर
मग मुलांना पूर्णता अ‍ॅक्झिअम म्हणून द्यायची की कट्सपासून बांधायची? मी म्हणतो बांधा.

अपरांत
पहिल्या वर्षाला मी अ‍ॅक्झिअमच देईन. कट्सच्या बेरजा-गुणाकारात वेळ जातो आणि हा प्रश्न मागेच राहतो.

वेंगुर्लेकरीण
परिमेयवालं उदाहरण उद्या देते. कट्स कुणी पहिल्या वर्षाला खरंच शिकवले असतील तर गुणाकार कसा हाताळला ते लिहा.