मदत हवी आहे: ईश्वरच चांगुलपणाचा मापदंड मानला, तर पेच सुटतो का?

नमस्कार. धर्मतत्त्वज्ञानाच्या निबंधात मी प्लेटोच्या ‘युथिफ्रो’मधील पेचावर लिहीत आहे: ईश्वराने आज्ञा दिली म्हणून कृत्य चांगले ठरते, की ते मुळातच चांगले असल्यामुळे तो आज्ञा देतो? रॉबर्ट ॲडम्स यांनी कर्तव्य प्रेमळ ईश्वराच्या आज्ञेवर आधारले, त्यामुळे क्रौर्याची आज्ञा बंधनकारक ठरत नाही, आणि इथपर्यंत मला पटते.

खरी अडचण पुढे आहे. प्रेमळपणाच चांगला का, या प्रश्नावर विल्यम ऑल्स्टन पॅरिसजवळ जपलेल्या, 1960पर्यंत मीटरचे प्रमाण असलेल्या मीटरपट्टीचा दाखला देतात: पट्टी एक मीटर कशामुळे, असे विचारण्यात अर्थ नाही, कारण तीच मापाचा आधार होती, ईश्वरही चांगुलपणाचा तसाच आधार आहे. परंतु पट्टी थोडी आखूड असती, तरी मोजमाप तितकेच नीट चालले असते. मग ईश्वर निर्दय असता, तर निर्दयता चांगली ठरली असती काय? ‘तो तसा असूच शकत नाही’ हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण त्यातून निर्दय ईश्वराची अशक्यता कळते, प्रेमळपणा चांगला असण्याचे कारण कळत नाही.

ऑल्स्टन यांच्या बाजूने या आक्षेपाला सबळ उत्तर कसे देता येईल, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.