मदत हवी आहे: अल्बम अडकला की शेवटचा हप्ताही अडकते, अ‍ॅग्रीमेंटमध्ये काय लिहू?

यवतमाळकडे खेड्यापाड्यात लग्नाचे फोटो काढतो, आता एकपानी अ‍ॅग्रीमेंट बनवून राह्यलो. काम: हळद आन् लग्न, दोन कॅमेरे, 30 पानी अल्बम, रिसेप्शनचे पैसे वेगळे. रेट 45,000, त्यातले 15,000 बुकिंगला, 20,000 लग्नाच्या आदल्या दिवशी, बाकी 10,000 अल्बम देताना. घोळ इथंच आहे, पेनड्राइव्ह मिळाला की पार्टी अल्बमचे फोटोच निवडून देत नाही, मंग अल्बमही नाही न पैसेही नाही. आधी वॉटरमार्कवाले देऊन पाहिले, लोकं तेच स्टेटसला ठेवून खूश. सगळे पैसे अगोदर मागावं तर कापूस विकल्यावर देतो म्हणतात. "30 दिवसांत निवड न आल्यास फोटो आम्ही निवडू, बाकी रक्कम तेव्हाच द्यावी" असं लिहिलं तर पार्टी मानते का, की 10,000 पेनड्राइव्हलाच जोडून टाकू?